शब्दांच्या यादीवरून अभिप्रायांची वर्गवारी : प्रस्तावना

एखाद्या वसतिगृहाच्या मेसने सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून फॉर्म भरून घेतला, तर त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आपोआप मोजता येतात. जेवणाला पाचपैकी किती गुण, महिन्याला किती दिवस जेवता, शाकाहारी की मांसाहारी. अडचण शेवटच्या प्रश्नाशी येते : ‘आणखी काही सांगायचे आहे का?’ या खालच्या चौकटीत माणसे मनापासून लिहितात, आणि बहुतेक वेळा त्या फॉर्ममधला सर्वांत कामाचा मजकूर तिथेच असतो. पण चारशे मुलांनी चारशे तऱ्हांनी लिहिलेल्या त्या वाक्यांचा तक्ता होत नाही. मग अहवालात ‘काही निवडक प्रतिक्रिया’ म्हणून पाच-सहा वाक्ये छापली जातात आणि बाकीची शीटमध्ये पडून राहतात. ही वाक्ये चव, वेळ, स्वच्छता, दर अशा कप्प्यांत कशी घालावीत, तेही एक्सेलसारख्या साध्या साधनाने आणि मुख्य म्हणजे मराठी मजकुरावर, हा या पुस्तकाचा विषय आहे.

मोकळ्या मजकुराला कप्पे पाडण्याचे काम संगणकाच्या आधीपासून चालू आहे. वृत्तपत्रे, भाषणे, पत्रे यांतला मजकूर ठरलेल्या वर्गांत मोजण्याच्या पद्धतीला समाजशास्त्रात आशयविश्लेषण म्हणतात. बर्नार्ड बेरेल्सन यांचे या पद्धतीवरचे पुस्तक 1952 मध्ये आले. त्या काळी माणूस वाक्य वाचायचा, नियमपुस्तिकेत कोणत्या वर्गाची व्याख्या लागू पडते ते पाहायचा आणि खूण करायचा. ही हाताने वाचण्याची परंपरा आजही सर्वांत विश्वासार्ह आहे, फक्त ती सावकाश चालते. 1960 च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात फिलिप स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जनरल इन्क्वायरर’ नावाची संगणकप्रणाली उभी केली. त्यांची कल्पना अशी की प्रत्येक वर्गासाठी शब्दांची यादी करायची आणि मजकुरात त्यातला शब्द आढळला की तो मजकूर त्या वर्गात टाकायचा. यादीवर चालणाऱ्या पद्धतीचा हा पाया. पुढे तिसरी वाट निघाली : माणसाने आधी वर्गवारी केलेल्या हजारो नमुन्यांवरून संख्याशास्त्राने नियम शोधून काढायचे. हजारो नमुने हाताशी असतील तर ही वाट चांगली. चारशे अभिप्राय असलेल्या मेसला ती लागू पडत नाही.

हे पुस्तक मधल्या वाटेचे आहे. या वाटेचा मला वाटणारा सर्वांत मोठा गुण असा की निर्णय का झाला ते दिसते. एखादा अभिप्राय ‘दर’ या कप्प्यात का गेला असे कोणी विचारले, तर यादीतल्या एका शब्दाकडे बोट दाखवता येते, आणि तो शब्द चुकीचा असेल तर तिथेच दुरुस्त करता येतो.

एक्सेलमध्ये या वाटेचे पहिले पाऊल दोन फंक्शनांचे आहे. SEARCH हे एका मजकुरात दुसरा मजकूर शोधते आणि तो कितव्या जागेवर सुरू होतो ती संख्या देते. सापडला नाही तर #VALUE! ही चूक देते. ISNUMBER फक्त एवढेच विचारते की हाती आलेली गोष्ट संख्या आहे का. दोन्ही जोडली की ‘हा शब्द या वाक्यात आहे का?’ या प्रश्नाला TRUE किंवा FALSE असे उत्तर मिळते.

```
=ISNUMBER(SEARCH("चव",A2))
```

A2 मध्ये ‘भाजीची चव’ असेल तर आतल्या SEARCH चे उत्तर 8 येते. डोळ्यांना ‘भा’, ‘जी’, ‘ची’, मोकळी जागा आणि मग पाचवा ‘च’ दिसतो. संगणक मात्र भ, काना, ज, वेलांटी हे सगळे सुटे मोजतो, म्हणून ‘च’ आठव्या जागी येतो. हा फरक आत्ताच लक्षात ठेवावा. पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ यात आहे.

एक शब्द तपासणे सोपे, यादी तपासणे हे खरे काम. इथे एक्सेल वापरणाऱ्यांमध्ये तीन पिढ्या किंवा तीन घराणी दिसतात. पहिले घराणे IF च्या पोटात IF घालणाऱ्यांचे : ‘चव’ असेल तर हे, नाहीतर ‘उशीर’ असेल तर ते, आणि असेच पुढे. एक्सेल 2003 पर्यंत अशा सातच पातळ्या चालत, 2007 पासून 64 चालतात. पण मर्यादा वाढली म्हणून दोष जात नाही. शब्द फॉर्म्युल्याच्या पोटात गाडले जातात, आणि एक शब्द बदलायचा तरी सगळा फॉर्म्युला उसवावा लागतो. दुसरे घराणे यादीला फॉर्म्युल्याबाहेर काढते. D कॉलममध्ये शब्द, शेजारी E मध्ये त्याचा वर्ग, आणि फॉर्म्युला एकच :

```
=IFERROR(INDEX($E$2:$E$7,MATCH(TRUE,
ISNUMBER(SEARCH($D$2:$D$7,A2)),0)),"इतर")
```

SEARCH ला इथे एका शब्दाऐवजी अख्खी यादी दिली आहे, म्हणून ते प्रत्येक शब्दासाठी एकेक उत्तर देते. ISNUMBER त्या उत्तरांची TRUE-FALSE ची रांग करते, MATCH त्यातला पहिला TRUE शोधते आणि INDEX त्याच क्रमांकाचा वर्ग उचलून आणते. काहीच सापडले नाही तर ‘इतर’. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये जाहीर केलेल्या नव्या गणनपद्धतीच्या आवृत्त्यांत हा फॉर्म्युला नुसता एंटर दाबून चालतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबावे लागते. ते विसरले तर एक्सेल यादीतला फक्त त्याच ओळीवरचा शब्द तपासते, आणि जवळजवळ सगळा कॉलम ‘इतर’ने भरतो. असा कॉलम दिसला की शब्दांना दोष देण्याआधी फॉर्म्युल्याभोवती महिरपी कंस आहेत का ते पाहावे. तिसऱ्या घराण्याकडे थोड्या वेळाने येतो.

आता मेसकडे वळू. समजा यादी अशी केली, याच क्रमाने : ‘दर’ या शब्दाला वर्ग दर, ‘लेट’ आणि ‘उशीर’ यांना वर्ग वेळ, ‘चव’ आणि ‘पोळी’ यांना वर्ग चव, ‘कचरा’ला वर्ग स्वच्छता. कोणीही पहिल्यांदा बसून करील अशीच ही यादी आहे, आणि वाचताना तिच्यात काही खटकत नाही. तिच्यावर सहा अभिप्राय चालवून पाहू.

‘भाजीची चव सुंदर आहे, पण वाढायला उशीर होतो.’ याचा वर्ग येतो दर. कारण ‘सुंदर’ या शब्दाची शेवटची दोन अक्षरे ‘दर’ आहेत, आणि यादीत ‘दर’ सर्वांत वर आहे. ‘रात्री जेवण उशिरा मिळतं.’ याचा वर्ग येतो इतर. ‘उशीर’मध्ये शी दीर्घ आहे, ‘उशिरा’मध्ये शि ह्रस्व, आणि संगणकाला या दोन वेलांट्या पूर्ण वेगळ्या आहेत. ‘ऑम्लेट थंड असतं.’ याचा वर्ग येतो वेळ. ‘म्ले’ आपल्याला एक जोडाक्षर दिसते, पण आत म, हलन्त, ल, मात्रा अशी रांग आहे, त्यामुळे ‘लेट’ त्यात सहज सापडतो. ‘प्लेट’ आणि ‘टॉयलेट’मध्येही तो असाच सापडेल. ‘कचऱ्याचा डबा जेवणाच्या टेबलाजवळ आहे.’ इतर. ‘पोळ्या कच्च्या असतात.’ इतर, कारण ‘पोळी’तली वेलांटी अनेकवचनात गेली. ‘मेसचे दर परवडत नाहीत.’ याचा वर्ग दर, आणि तो बरोबर आहे.

सहापैकी एक बरोबर. फॉर्म्युल्यात एकही चूक नाही. चूक यादीत आहे, आणि यादीत ती आली कारण ती शब्दकोशातल्या रूपांनी केली. इंग्रजीत यादी करणाऱ्याला ही अडचण कमी जाणवते, कारण तिथे नाम वाक्यात येताना फारसे बदलत नाही. मराठीत प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते : रस्ता रस्त्यावर होतो, पाणी पाण्याला होते, वीज विजेचा होते. अभिप्राय लिहिणारा माणूस मूळ रूप क्वचितच वापरतो. तक्रार नेहमी कशाची, कशात, कशावर असते, म्हणजे ती विभक्तीतच येते.

म्हणून पहिली दुरुस्ती : यादीत शब्द नको, शब्दाचा न बदलणारा पुढचा भाग हवा. ‘पोळी’ऐवजी ‘पोळ’, म्हणजे पोळी, पोळ्या, पोळीला सगळे येतात. ‘पाणी’ऐवजी ‘पाण’, ‘रस्ता’ऐवजी ‘रस्त’. जिथे ह्रस्व-दीर्घ बदलते तिथे तोडून चालत नाही, कारण ‘उश’ लिहिले तर वसतिगृहातली ‘उशी’ही आत येईल. तिथे दोन रूपे घालावीत, ‘उशीर’ आणि ‘उशिर’. विजेबद्दल लिहिणाऱ्यांसाठी ‘वीज’ आणि ‘विजे’ घालावे. नुसते ‘विज’ घातले तर विजय नावाच्या प्रत्येकाचा उल्लेख वीजपुरवठ्यात जमा होईल.

कचऱ्याची गोष्ट थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. ‘कचऱ्या’तला तो अर्धचंद्रासारखा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी साठवलेला आढळतो. ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, साध्या र ला खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. कोणत्या फोनवर, कोणत्या कीबोर्डवर टाइप केले त्यावर ते ठरते, आणि पडद्यावर तिन्ही जवळपास सारखी दिसतात. ‘कचर’ लिहिले तर दुसरी आणि तिसरी तऱ्हा सापडते, पहिलीसाठी ‘कचऱ’ वेगळे घालावे लागते. या दोन ओळींत तिन्ही रूपे येतात. दऱ्या, वाऱ्या, कर्मचाऱ्यांचा संबंध येईल तिथे हाच नियम.

दुसरी दुरुस्ती मला या पुस्तकातली सर्वांत मोलाची वाटते. ‘सुंदर’मध्ये ‘दर’, ‘स्वभाव’मध्ये ‘भाव’, ‘वाचवा’मध्ये ‘चव’ सापडणे हा एकाच जातीचा दोष आहे. शोधलेला शब्द दुसऱ्या शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी दडलेला असतो. इंग्रजीतला रूढ उपाय असा की शोधायच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा लावायची, म्हणजे अख्खा शब्दच जुळेल. मराठीत तसे केले तर ‘दर’ जुळेल पण ‘दराने’ आणि ‘दरात’ सुटतील. आपल्याकडे प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात, पुढे नाही. म्हणून मोकळी जागा फक्त पुढच्या बाजूला लावावी आणि मागची बाजू मोकळी सोडावी. अभिप्रायाचा पहिला शब्दही सापडावा यासाठी A2 च्या आधीही एक जागा जोडावी लागते.

```
=IFERROR(INDEX($E$2:$E$10,MATCH(1,
ISNUMBER(SEARCH(" "&$D$2:$D$10," "&A2))
*($D$2:$D$10<>""),0)),"इतर")
```

D2 ते D10 मध्ये आता नऊ शब्द आहेत : परवड, लेट, उशीर, उशिर, चव, पोळ, थंड, कचर, कचऱ. ‘दर’ मी मुद्दाम काढला. पुढची बाजू राखली तरी दररोज, दरवाजा, दरवेळी हे शब्द ‘दर’नेच सुरू होतात. दोन अक्षरांच्या शब्दाबद्दल नेहमीच संशय धरावा. बस हवी असताना ‘बसलो’ आणि ‘बसून’ येतात. अशा वेळी त्याच आशयाचे लांब शब्द शोधावेत. दरांबद्दल लिहिणारा ‘परवड’, ‘महाग’, ‘दरवाढ’ यांतले काहीतरी लिहितोच.

फॉर्म्युल्यातला `<>""` हा तुकडा अनेकांना अनावश्यक वाटेल. तो तिथे आहे कारण रिकामा मजकूर SEARCH ला कुठेही सापडतो, आणि उत्तर 1 येते. पुढे शब्द वाढतील म्हणून यादीची व्याप्ती D50 पर्यंत घेतली आणि खालच्या सेल रिकाम्या राहिल्या, तर पहिली रिकामी सेल उरलेले सगळे अभिप्राय गिळते. याची खूण स्पष्ट असते : ‘इतर’ एकही नाही, आणि वर्गाच्या जागी जागोजाग 0. तसेच यादीत प्रश्नचिन्ह किंवा तारा चुकूनही येऊ देऊ नये. SEARCH साठी ? म्हणजे कोणतेही एक अक्षर आणि * म्हणजे काहीही. तेच चिन्ह शोधायचे असेल तर आधी ~ लावावे लागते. एकाच चौकटीत नव्या ओळीवर लिहिलेला शब्दही पुढच्या जागेच्या अटीत सुटतो. त्यासाठी आधी `SUBSTITUTE(A2,CHAR(10)," ")` करून घ्यावे.

नव्या यादीने सहाही अभिप्राय योग्य वर्गात जातात. पण पहिल्याकडे पुन्हा पाहा. ‘भाजीची चव सुंदर आहे, पण वाढायला उशीर होतो’ हा आता ‘वेळ’मध्ये गेला, कारण यादीत ‘उशीर’ हा ‘चव’च्या वर आहे. यादीचा क्रम म्हणजे कोणता विषय आधी मोजायचा याचा निर्णय, आणि तो नकळत घेतला जातो. इथे तिसरे घराणे उपयोगी पडते. ते एका अभिप्रायाला एकच वर्ग देत नाही. प्रत्येक वर्गाला एक कॉलम, आणि प्रत्येक कॉलममध्ये TRUE किंवा FALSE. G1 मध्ये वर्गाचे नाव लिहून :

```
=SUMPRODUCT(ISNUMBER(SEARCH(" "&$D$2:$D$10,
" "&$A2))*($E$2:$E$10=G$1)
*($D$2:$D$10<>""))>0
```

हा फॉर्म्युला जुन्या आवृत्तीतही साध्या एंटरने चालतो, आणि पहिला अभिप्राय चव व वेळ या दोन्ही कॉलमांत येतो. मात्र सगळ्या वर्गांची बेरीज आता अभिप्रायांच्या संख्येपेक्षा जास्त होते. अहवालात ही गोष्ट तक्त्याखालीच लिहावी, नाहीतर कोणीतरी टक्केवारीची बेरीज करून शंभरच्या वर गेली म्हणून सगळे कामच नाकारते. माणसे एका वाक्यात दोन गोष्टी बोलतात, म्हणून मला हेच घराणे मोकळ्या अभिप्रायांना सर्वांत जवळचे वाटते. पुस्तकाचा मोठा भागही त्यालाच दिला आहे, आणि ते योग्यच झाले.

हा विषय आज हाती घेण्याचे कारण साधे आहे. पूर्वी मराठीत अभिप्राय संगणकावर येत तेव्हा ते अनेकदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असत. पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेली असत ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. अशा शीटमध्ये युनिकोडमध्ये लिहिलेला ‘चव’ शोधला तर तो कधीच सापडणार नाही. आता विद्यार्थी, रुग्ण, वाचक, प्रवासी फोनवरून थेट युनिकोड मराठीत लिहितात आणि ते सरळ शीटमध्ये उतरते. शोधता येईल असा मराठी मजकूर शाळा, दवाखाने, वाचनालये, सोसायट्या यांच्याकडे साठू लागला आहे. त्यातला काही भाग अजून जुन्या फॉन्टचाच असतो. ते ओळखायचे असेल तर सेलचा फॉन्ट बदलून पाहावा. मराठी टिकली तर युनिकोड, अगम्य रोमन चिन्हे दिसली तर आधी रूपांतर करावे लागेल.

यादी बरोबर झाली हे कसे ठरवायचे, यावर पुस्तकात बराच भर आहे. माझ्या अनुभवात काम अपुरे राहते ते बहुधा इथेच. फॉर्म्युला चालला, तक्ता झाला, की माणसे थांबतात. यादीच्या चुका दोन प्रकारच्या असतात आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी सापडतात. सुटलेले अभिप्राय ‘इतर’मध्ये असतात, म्हणून ‘इतर’ पूर्ण वाचावा आणि त्यातूनच यादीतले नवे शब्द काढावेत. चुकीचे पकडलेले अभिप्राय मात्र वर्गाच्या आत दडलेले असतात. त्यासाठी RAND() चा एक कॉलम लावून शीट विस्कटावी, प्रत्येक वर्गातले वीस-पंचवीस अभिप्राय यंत्राचे उत्तर झाकून हाताने वर्गावेत, आणि मग दोन्ही ताडून पाहावेत. कोणत्या शब्दाने पकडले तेही शेजारच्या कॉलममध्ये दिसावे, म्हणजे दोषी शब्द लगेच सापडतो. त्यासाठी वर्गाऐवजी D कॉलमच INDEX मध्ये द्यायचा, एवढाच बदल.

यादीची एक मर्यादा कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. शब्द विषय सांगतो, मत सांगत नाही. ‘चव छान आहे’ आणि ‘चवच नाही’ हे दोन्ही ‘चव’मध्येच जातात, आणि जायलाच हवेत. त्यातून ‘चवीबद्दल तक्रारी’ असा आकडा काढला तर तो खोटा ठरतो. ‘छान’, ‘नाही’, ‘वाईट’ यांची दुसरी यादी करून मत काढण्याचा मोह होतो. ‘वाईट नाही’ आणि ‘छान म्हणता येणार नाही’ या दोन वाक्यांवर ती यादी चालवून पाहिली की तो उतरतो. या पुस्तकात मतासाठी फॉर्ममधल्या पाचपैकी गुणांचा कॉलम वापरला आहे, आणि मजकूर फक्त विषयासाठी. ज्यांनी 2 किंवा कमी गुण दिले त्यांच्या अभिप्रायांत कोणता विषय किती वेळा आला, हा तक्ता त्यातून निघतो. मेसच्या व्यवस्थापकाला सोमवारी सकाळी काय बदलायचे ते त्यावरून कळते.

वाचकाकडून या पुस्तकाची अपेक्षा थोडी आहे. एक्सेलमध्ये सेलचा पत्ता आणि डॉलरचे चिन्ह माहीत असावे, आणि हाताशी स्वतःच्या संस्थेचे शंभरेक खरे अभिप्राय असावेत. तयार यादी पुस्तकात मुद्दाम दिलेली नाही. मेसची यादी दवाखान्याला चालत नाही, आणि पुण्यातल्या मेसची नागपुरातल्या मेसला पूर्ण चालेलच असे नाही. आधी पन्नास अभिप्राय नुसते वाचायचे, लोक खरोखर कोणते शब्द वापरतात ते कागदावर उतरवायचे, मगच D2 मध्ये पहिला शब्द लिहायचा, हा क्रम पुस्तकाने शेवटपर्यंत पाळला आहे.